नववी-दहावीसाठी रन-ऑन आणि फ्रॅगमेंटची वर्कशीट: क्रम कसा लावायचा, काय फसतं

प्रश्न: मी गुहागर तालुक्यात एका हायस्कूलला नववी-दहावीला मराठी शिकवतो, इंग्रजीचे तासही माझ्याकडेच आहेत. मुलं निबंधात एकतर अख्खा परिच्छेद एका वाक्यात लिहितात, म्हणजे रन-ऑन, नाहीतर 'कारण पाऊस होता.' असं अर्धंच लिहून पूर्णविराम देतात, म्हणजे फ्रॅगमेंट. नेटवरच्या इंग्रजी वर्कशीट भाषांतर करून वापरल्या, शीटवर मार्क चांगले पडतात पण निबंध होता तसाच. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी स्वतःची मालिका बनवायची आहे, सुरुवात कुठून करू?

उत्तर:

सर, आधी त्या भाषांतर केलेल्या शीटचं बघू, कारण बराचसा घोळ तिथेच आहे. इंग्रजी शीटमध्ये पहिली कसोटी असते की वाक्यात कर्ता आहे का, क्रियापद आहे का, दोन्ही असतील तर पूर्ण, एक नसेल तर फ्रॅगमेंट. ही कसोटी मराठीला लावली की पहिल्याच दिवशी मोडते. 'आलो.' हे एका शब्दाचं वाक्य आहे, कर्ता दिसत नाही तरी पूर्ण आहे, तो 'मी' क्रियापदाच्या रूपातच बसलाय. 'माझ्या आजोळचे गाव वेळणेश्वर.' ह्यात क्रियापदच नाही तरी कुणी अर्धं म्हणणार नाही. आणि 'कारण फेरीबोट बंद होती' ह्यात कर्ताही आहे क्रियापदही आहे, तरी ते एकटं लटकतं. म्हणजे मुलाने कसोटी बरोब्बर लावली तरी उत्तर चुकतं, मग पोरं काय करतात, कसोटी सोडून देतात आणि लांबी बघतात. छोटं दिसलं की फ्रॅगमेंट, लांब दिसलं की रन-ऑन. शीटवर मार्क पडतात कारण शीट बनवणाऱ्यानेही नकळत तसंच बनवलेलं असतं, छोटी ती चूक आणि लांब ती चूक. निबंधात हा जुगाड चालत नाही.

म्हणून माझ्या मालिकेतली पहिली शीट फक्त ही लांबीची समजूत मोडायला असते. तिच्यात दुरुस्ती नाही, नियम नाही, व्याख्या नाही. दहा ओळी, पाच पूर्ण पाच अपूर्ण, समोर फक्त पू किंवा अ लिहायचं. (शीटवर मी लेखी रूपं देतो, इथे बोलतो तसं टाइप करतोय, ते दोन वेगळे.) ओळी साधारण अशा:

आलो.
गणपतीला मुंबईहून येणारी आणि रात्रभर एसटीत उभी राहिलेली आमच्या काकांच्या घरातली सगळी माणसे.
पाऊस थांबला.
कारण फेरीबोट बंद होती.
वाडीतल्या विहिरीचे पाणी मे महिन्यात आटते म्हणून आम्ही खालच्या वाडीतून हंड्याने पाणी आणतो.
जी बोट सकाळी सहाला सुटते.
माझ्या आजोळचे गाव वेळणेश्वर.
आंब्याच्या पेट्या भरताना.
दार लाव.
जर उद्या वारा पडला.

बघा, सगळ्यात लांब ओळींपैकी एक पूर्ण आहे एक अपूर्ण, आणि छोट्या ओळींचंही तसंच. पहिल्यांदा दिलं की निम्मा वर्ग त्या काकांच्या माणसांवर पू लिहितो कारण ओळ भरलेली दिसते. तिथे थांबून विचारायचं, 'बरं, सगळी माणसे... काय केलं त्यांनी?' आणि वर्ग हसतो, कारण त्या ओळीत माणसं गाडीतून अजून उतरलेलीच नाहीत.

कसोटी म्हणून मी एकच युक्ती देतो, ओळीच्या आधी 'मला माहीत आहे की' लावून मोठ्याने वाचायचं. 'मला माहीत आहे की पाऊस थांबला', बसलं. 'मला माहीत आहे की आलो', थोडं विचित्र पण बसलं. 'मला माहीत आहे की जी बोट सकाळी सहाला सुटते', कान पुढची वाट बघतो, म्हणजे अपूर्ण. 'मला माहीत आहे की कारण फेरीबोट बंद होती', हे तर जिभेलाच अडखळतं. मोठ्याने वाचणं इथे सक्तीचं आहे, मनात वाचलं तर मूल स्वतःच राहिलेला भाग भरून टाकतं आणि त्याला सगळंच पूर्ण वाटतं.

ह्या युक्तीची मर्यादा पहिल्या दिवशीच सांगून टाका. आज्ञा आणि प्रश्न हिच्यात नापास होतात, 'मला माहीत आहे की दार लाव' हे बसत नाही पण 'दार लाव.' पूर्ण वाक्य आहे. हुशार पोरगी लगेच विचारते की मग 'तो म्हणाला' लावून बघू का. आज्ञेला ते चालतं, पण सगळीकडे लावलं तर 'तो म्हणाला, कारण फेरीबोट बंद होती' हेसुद्धा पास होतं, बोलण्यात आपण असं अर्धं उत्तर देतोच की. त्यामुळे आज्ञा-प्रश्न बाजूला काढायचे आणि उरलेल्यांना 'मला माहीत आहे की'.

वेळेचं म्हणाल तर पस्तीस मिनिटांच्या तासिकेत शीट सोडवायला बारा-पंधरा मिनिटं पुरतात, उरलेला वेळ वाचून वाद घालायला. वाद हाच मुख्य भाग. दहातली आठ बरोबर आली की पुढे, पण कोणती दोन चुकली ते बघा. 'आलो.' चुकलं असेल तर तो अजून लांबीच बघतोय, त्याला त्याच धर्तीची वेगळ्या ओळींची शीट परत द्या. 'जर' वाली चुकली असेल तर काळजी नाही, ते दुसऱ्या शीटमध्ये सुटतं.

आता तुमचा खरा प्रश्न, आधी रन-ऑन की आधी फ्रॅगमेंट. बहुतेक जण रन-ऑनने सुरुवात करतात कारण तो डोळ्याला जास्त खुपतो. मी उलटं सांगेन, फ्रॅगमेंट आधी. रन-ऑन तोडायचा म्हणजे त्याचे तुकडे पाडायचे आणि पडलेला तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहतो का हे कळायला फ्रॅगमेंटची कसोटी आधी हातात लागते. ती नसेल आणि तुम्ही 'पूर्णविराम द्या, पूर्णविराम द्या' सांगितलं तर पंधरा दिवसांत वह्यांमध्ये असं दिसायला लागतं: 'बाजारात गेलो. मासे घेऊन. परत येताना. पाऊस लागला.' रन-ऑन गेला, फ्रॅगमेंट आले. तुमच्याकडे हे झालं असेल तर मुलं बिघडली नाहीत, क्रम उलटा लागलाय एवढंच.

दुसरी शीट फ्रॅगमेंट जोडण्याची. इथे प्रत्येक आयटम तीन छोट्या ओळींचा, बहुतेकदा मधली अर्धी. मुलाने ठरवायचं की अर्धी ओळ मागच्या ओळीला चिकटते की पुढच्या.

'आम्ही धोपाव्याला थांबलो. कारण फेरीबोट बंद होती. बाबा चहा प्यायला गेले.' 'कारण' मागे चिकटतं, सोपं.

'जर उद्या वारा पडला. तर बोटी जातील. आजी म्हणाली.' 'जर' पुढे चिकटतं, आणि 'आजी म्हणाली' सुद्धा सुटं सोडून चालत नाही, त्यामुळे 'आजी म्हणाली की जर उद्या वारा पडला तर बोटी जातील.' हा जरा वरच्या पायरीचा, शीटच्या शेवटाकडे ठेवा.

'पाऊस सुरू झाला. आंब्याच्या पेट्या भरताना. टेम्पो आला.' हा माझा आवडता, कारण दोन्हीकडे चिकटतो आणि अर्थ बदलतो. पेट्या भरताना पाऊस आला असेल तर गडबड वेगळी, टेम्पो आला असेल तर वेगळी. इथे एकच उत्तर नाही, दोन्ही लिहून घ्यायचे आणि विचारायचं की वाचणाऱ्याला ह्यातलं कुठलं कळलं असतं. फ्रॅगमेंट नक्की का नको हे पोरांना इथे आपोआप कळतं, व्याख्या सांगावी लागत नाही.

ह्याच शीटवर ज्यामुळे आणि त्यामुळे ही जोडी घालाच. 'पूल पाण्याखाली गेला. ज्यामुळे शाळा बंद राहिली.' हा फ्रॅगमेंट. 'पूल पाण्याखाली गेला. त्यामुळे शाळा बंद राहिली.' हे दोन्ही ठीक. फरक एका अक्षराचा, पण ज ने सुरू होणारे शब्द (जो, जी, जेव्हा, जिथे, ज्यामुळे) जोडीदार मागतात, त ने सुरू होणारे (तो, तेव्हा, तिथे, त्यामुळे) मागच्या वाक्याकडे बोट दाखवून मोकळे होतात. हे एकदा कळलं की बऱ्याच वह्यांमधले निम्मे फ्रॅगमेंट मूल स्वतःच शोधतं.

आणि 'म्हणून' चं काय, तर 'म्हणून आम्ही परत आलो.' असं वाक्य सुरू केलं तर मी चूक धरत नाही. 'कारण' ने सुरू केलेलं सुटं वाक्य दहावीपर्यंत धरतो. तुम्ही म्हणाल वर्तमानपत्रातल्या अग्रलेखात 'कारण' ने सुरू होणारी सुटी वाक्यं सर्रास असतात. असतात, आणि मुलं ते दाखवतातही. पण अग्रलेखवाला ते जोर द्यायला करतो आणि पुढे भरपूर मजकूर देतो, आपलं मूल सवयीने करतं. ही सवय आपणच लावलेली आहे, पाचवीपासून 'कारणे लिहा' ला उत्तर 'कारण' ने सुरू करायला शिकवलंय. प्रश्नोत्तरात ते बरोबर कारण प्रश्नाची ओळ वरती छापलेली असते, निबंधात वरती काही नसतं. मुलांना हे असंच सांगा, त्यांना पटतं.

तिसरी शीट तोडण्याची, हिच्यावर फार लिहीत नाही. विरामचिन्ह काढून टाकलेला पाच-सात ओळींचा मजकूर द्यायचा, मुलाने मोठ्याने वाचत तिरकी रेघ मारायची. मराठीत क्रियापद शेवटी येतं ह्याचा इथे फायदा होतो, इंग्रजीपेक्षा तोडणं सोपं जातं, प्रत्येक पूर्ण क्रियापदापाशी थांबायचं आणि विचारायचं की पुढे जोडणारा शब्द आहे का. नसेल तर रेघ. फक्त एक-दोन सापळे पेरून ठेवा, नाहीतर 'क्रियापद आलं की रेघ' असं यंत्र बनतं. माझा सापळा: 'बाबा म्हणाले की भाव उतरला की घेऊ'. तीन क्रियापदं, दोन 'की', आणि दोन्ही 'की' ची कामं वेगळी, पहिला काय म्हणाले ते सांगतो, दुसरा केव्हा ते सांगतो. एकही रेघ नाही. जो इथे रेघ मारत नाही त्याला कळलंय.

चौथी शीट जोडण्याची आणि मालिकेचं वजन हिच्यावर आहे. रन-ऑन सापडला, तोडला, आता पुढे काय. फक्त पूर्णविराम दिले तर चूक जाते पण लिहिणं पहिलीच्या पुस्तकासारखं होतं. 2007 मध्ये ग्राहम आणि पेरिन ह्यांनी चौथी ते बारावीच्या लेखनशिक्षणावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता, त्यात सुटं व्याकरण शिकवण्याचा लेखनाला फायदा दिसला नव्हता, वाक्यं जोडण्याच्या सरावाचा मात्र दिसला होता. तो अभ्यास इंग्रजी लेखनाचा, तरी वर्गातला माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. म्हणून चौथ्या शीटवर 'चूक शोधा' हा शब्दच नाही. दोन छोटी पूर्ण वाक्यं द्यायची आणि ती तीन वेगवेगळ्या प्रकारे जोडायला लावायची.

उदाहरण: पाऊस थांबला. आम्ही निघालो.

मुलं लिहितात: पाऊस थांबला आणि आम्ही निघालो. पाऊस थांबला म्हणून आम्ही निघालो. जेव्हा पाऊस थांबला तेव्हा आम्ही निघालो. पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो. आणि कुणीतरी हमखास लिहितं, पाऊस थांबून आम्ही निघालो.

हे शेवटचं कानाला खटकतं, पण का खटकतं ते मुलांना सांगता येत नाही आणि बऱ्याच शिक्षकांनाही नाही. -ऊन वालं रूप साधारण तेव्हाच बसतं जेव्हा दोन्ही कामं करणारा एकच असतो. 'आम्ही छत्री उघडून निघालो', उघडणारेही आम्ही निघणारेही आम्ही, चालतं. पाऊस थांबतो आणि आम्ही निघतो, इथे करणारा बदलला, म्हणून -ल्यावर पाहिजे. -ल्यावर आणि -ताना ला कर्ता बदललेला चालतो. अपवाद आहे, पहिल्या गोष्टीमुळे दुसरी घडली असेल तर -ऊन कर्ता बदलूनही चालून जातं, 'पाऊस पडून रस्ता वाहून गेला' हे कुणालाच खटकत नाही. नववीला एवढा अपवाद सांगितला तरी पुरे, पुढे खोलात गेलात तर मूळ मुद्दा हातचा जाईल.

हे -ऊन चं एवढं का, तर रन-ऑन आवरायचं मराठीतलं सगळ्यात स्वस्त हत्यार तेच आहे. 'गेलो आणि मासे घेतले आणि आलो' ह्याचं 'जाऊन मासे घेऊन आलो' होतं, तीन क्रियापदांचं एक वाक्य, दोन 'आणि' गायब. पण मुलांना ते आवडलं की प्रत्येक ठिकाणी लावतात, 'उठून आंघोळ करून नाश्ता करून दप्तर भरून बस पकडून शाळेत गेलो', हासुद्धा रन-ऑनचाच भाऊ, फक्त व्याकरणाने पकडता येत नाही. माझा घरगुती नियम, एका वाक्यात दोन -ऊन पुरे.

पाचवी शीट म्हणजे परिच्छेद, आणि हिच्यावर वरती ठळक लिहायचं: ह्यात चुका असतील किंवा नसतील. निबंध तसाच राहण्याचं दुसरं कारण हेच आहे, 'रन-ऑन दुरुस्त करा' असं वर छापलेलं असतं तेव्हा मूल रन-ऑनच शोधतं, स्वतःचा निबंध वाचताना तसं कुणी सांगत नाही. चार परिच्छेद द्या, त्यातला एक पूर्ण बरोबर असू द्या. बरोबर परिच्छेदाला हात न लावता सोडणं हे पोरांना सगळ्यात जड जातं.

एक परिच्छेद इथे पूर्ण सोडवून दाखवतो. कुणा एकाचा नाही, पुष्कळ वह्यांमधल्या चुका एकत्र करून बनवलेला आहे, तुम्हीही असाच बनवा, मुलाचं नाव असलेला मजकूर शीटवर आणू नका, छोट्या गावात अक्षरावरून आणि बोटीच्या नावावरूनही ओळखतात.

'रविवारी मी आणि बाबा हर्णै बंदरावर गेलो तिथे लिलाव चालू होता खूप गर्दी होती बाबांनी पापलेट बघितले पण भाव जास्त होता म्हणून घेतले नाही मग सुरमई घेतली आणि मग आम्ही चहा प्यायलो. येताना पाऊस आला. कारण परतीचा पाऊस. छत्री नव्हती. भिजत घरी आलो, आई ओरडली. कारण नवीन शर्ट.'

आधी पहिलं 'वाक्य'. क्रियापदांखाली रेघ मारायला लावा: गेलो, चालू होता, होती, बघितले, होता, घेतले नाही, घेतली, प्यायलो. आठ. आता प्रत्येकापुढे जोडणारा शब्द आहे का बघायचं. 'गेलो' पुढे 'तिथे', हा त वाला शब्द, मोकळा करतो, म्हणजे 'गेलो' ला पूर्णविराम. 'चालू होता' पुढे काहीच नाही, तिथे फट आहे. पूर्णविराम देता येईल पण लिलाव आणि गर्दी ह्यांचं नातं आहे, तेव्हा 'तिथे लिलाव चालू असल्यामुळे खूप गर्दी होती.' 'गर्दी होती' पुढे परत फट, इथे विषय बदलला, पूर्णविराम.

आता 'बाबांनी पापलेट बघितले पण भाव जास्त होता म्हणून घेतले नाही'. तीन क्रियापदं. निम्मी मुलं इथे दोन पूर्णविराम ठोकतात. ठोकू देऊ नका. 'पण' आणि 'म्हणून' दोन्ही आपापलं काम करतायत, वाचणारा कुठेही अडखळत नाही, हे वाक्य लांब आहे आणि बरोबर आहे. शक्य झालं तर ह्या वाक्याला हात न लावणाऱ्याला एक मार्क द्या, खरंच द्या, त्याने निर्णय घेतलाय.

'मग सुरमई घेतली आणि मग आम्ही चहा प्यायलो'. चुकीचं नाही, दोन मग रटाळ आहेत. कुणीतरी लिहील 'सुरमई घेऊन आम्ही चहा प्यायलो'. इथे चौथ्या शीटची आठवण करून द्या, सुरमई घेतली बाबांनी, चहा प्यायलो आम्ही दोघं. -ऊन लावल्याने सुरमईही दोघांनी घेतली असा अर्थ झाला. फार बिघडत नाही, पण लिहिणाऱ्याला तेच म्हणायचं होतं का? 'मग बाबांनी सुरमई घेतल्यावर आम्ही चहा प्यायलो' हे जसंच्या तसं बसतं.

पुढचा अर्धा भाग उलट्या रोगाचा. 'कारण परतीचा पाऊस.' ह्याला कसोटी लावा, नापास. मागे जोडायला गेलो तर 'येताना पाऊस आला, कारण परतीचा पाऊस' हेही बसत नाही, कारण ते कारणच नाही, पाऊस परतीचा आहे एवढीच माहिती आहे. म्हणून 'येताना परतीचा पाऊस आला.' हा प्रकार लक्षात ठेवा, काही फ्रॅगमेंट जोडून सुटत नाहीत, त्यातला एक शब्द उचलून शेजारच्या वाक्यात बसवावा लागतो. 'छत्री नव्हती.' पूर्ण आहे, छोटं आहे, राहू दे. 'भिजत घरी आलो, आई ओरडली.' दोन पूर्ण वाक्यं, मध्ये नुसता स्वल्पविराम, कर्ता बदललेला. मराठीत हे चालतं का ह्याकडे खाली येतो, इथे शेवटचा तुकडा जोडायचा असल्यामुळे 'भिजत घरी आलो तेव्हा आई ओरडली, कारण शर्ट नवीन होता.' असं बांधून टाकू. 'नवीन शर्ट' चं 'शर्ट नवीन होता' करावं लागलं हे मुलांना दाखवा, नुसतं पूर्णविराम खोडून भागलं नसतं.

झालेला परिच्छेद: 'रविवारी मी आणि बाबा हर्णै बंदरावर गेलो. तिथे लिलाव चालू असल्यामुळे खूप गर्दी होती. बाबांनी पापलेट बघितले पण भाव जास्त होता म्हणून घेतले नाही. मग त्यांनी सुरमई घेतल्यावर आम्ही चहा प्यायलो. येताना परतीचा पाऊस आला. छत्री नव्हती. भिजत घरी आलो तेव्हा आई ओरडली, कारण शर्ट नवीन होता.' 

जाता जाता एक, परिच्छेद बनवताना गावचा हिशेब सांभाळा. पहिल्या मसुद्यात कुणी 'कारण जून महिना होता' लिहिलं तर कोळीवाड्यातली पोरं लगेच म्हणतात, सर जूनमध्ये लिलाव कुठला, 1 जून ते 31 जुलै मासेमारीच्या मोठ्या बोटी बंद. आणि मग तास व्याकरणाचा राहत नाही.

आता तो स्वल्पविराम. 'पाऊस थांबला, आम्ही निघालो.' ह्याला मराठीत चूक म्हणू नका. चांगल्या मराठी गद्यात अशी वाक्यं भरपूर आहेत, आणि बोलण्याचा ठेकाच तसा आहे. मी मराठीत नुसत्या स्वल्पविरामाला तेव्हाच धरतो जेव्हा असे तीनपेक्षा जास्त तुकडे लागोपाठ येतात किंवा मध्येच वेळ-जागा-माणूस बदलतो आणि वाचणाऱ्याला मागे जाऊन परत वाचावं लागतं. मुलांना सांगायचं तर, शेजारच्याला वाचायला दे, तो कुठे अडखळला तिथे खूण कर. हे नियम म्हणून सैल आहे, माहितीये, पण मराठीत ह्याहून कडक नियम केला तर तो खरा नसेल.

इंग्रजीत मात्र तेच धरतात. 'द फेरी वॉज लेट, वी मिस्ड द बस' ही इंग्रजीत चूक, नाव कॉमा स्प्लाइस, तिथे अँड किंवा सो पाहिजे नाहीतर फुलस्टॉप किंवा सेमीकोलन. म्हणून दोन्ही विषय तुमच्याकडे असले तरी शीट एकत्र करू नका. मराठीच्या पहिल्या तीन झाल्या की इंग्रजीच्या वेगळ्या सुरू करा आणि तिथे दोन गोष्टींवर वेळ घालवा. एक, कर्ता गाळायची मराठी सवय, 'इज रेनिंग' असं लिहिणारं मूल मराठीत विचार करून बरोबरच लिहितंय, इंग्रजीत तिथे 'इट' लागतं आणि नसेल तर फ्रॅगमेंट. दोन, 'देन'. मराठीत 'मासे घेतले, मग चहा प्यायलो' बिनधास्त चालतं, म्हणून मूल लिहितं 'वी बॉट फिश, देन वी हॅड टी'. पण देन हे अँड-बट सारखं जोडणारं नाही, ते क्रियाविशेषण आहे, त्यामुळे काटेकोर लेखनात ही कॉमा स्प्लाइस धरली जाते. हाउएव्हरचं तेच. ह्या दोनच शब्दांवर दहा वाक्यांची एक शीट काढलीत तरी वेळ सत्कारणी लागेल.

सहावी शीट छापायची नाही, ती त्यांची जूनमधली निबंधाची वही. प्रत्येकाने स्वतःचा एक जुना निबंध घ्यायचा, कडेला पेन्सिलने तुटक असेल तिथे तु आणि लांबलेलं असेल तिथे लां लिहायचं, मग फक्त तेवढीच वाक्यं परत लिहायची. सगळा निबंध परत लिहायला लावू नका, मूल नवीन चुका करतं आणि तुलना होत नाही. शब्द मोजून शंभर शब्दांमागे किती चुका ते मागच्या पानावर लिहून ठेवा, दीडशे शब्दांत सहा असतील तर चार. दोन महिन्यांनी नवीन निबंधावर तेच मोजा. शीटवरच्या मार्कांकडे बघू नका, हा आकडा उतरला तर मालिका लागली. तपासताना बोलीचे शब्द सोडून द्या, सिंधुदुर्गाकडचं मूल 'मगे' लिहील, ते प्रमाणभाषेचं काम, ह्या शीटचं नाही, दोन्हीची लाल शाई एकत्र केली की मूल कुठली चूक कशाची तेच विसरतं.

वेळापत्रक आठवड्याला एक शीट ठेवा आणि मालिका गणपतीची सुट्टी संपल्यावरच सुरू करा. आपल्याकडे ती सुट्टी मधे आली की दुसऱ्या-तिसऱ्या शीटमध्ये खंड पडतो आणि परत पहिलीपासून यावं लागतं.

सातवी शीट दहावीलाच द्या, सहाव्या शीटचा आकडा उतरल्यावर. तिच्यात फ्रॅगमेंट जिथे बरोबर असतात त्या जागा. उपयोजित लेखनात जाहिरात येते, तिथे 'ताजा हापूस. थेट बागेतून. घरपोच.' हे तिन्ही तुटक आणि तिन्ही योग्य. बातमीचा मथळा, संवादातलं उत्तर, सूचनाफलक, तसंच. पोरं सहा शीट करून आली की जाहिरातीतही पूर्ण वाक्यं घालायला लागतात, 'आमच्याकडे ताजा हापूस मिळतो आणि तो थेट बागेतून आणलेला असतो', म्हणून ही शीट लागते. एकाच बागेची माहिती एकदा जाहिरातीत आणि एकदा मामाला लिहिलेल्या पत्रात, शेजारी-शेजारी दोन चौकटीत लिहायला द्या आणि जाहिरातीतले कुठले तुटक तुकडे पत्रात पूर्ण करावे लागले त्यांना गोल करायला सांगा.